वाऱ्याआडचा आवाज
गच्चीवर, टेकडीवर, किनाऱ्यावर फोनने ध्वनिमुद्रण करताना

समजा, घाटकोपरच्या एका सात मजली इमारतीच्या गच्चीवर डिसेंबरातील दुपारी एक नात आपल्या ऐंशी वर्षांच्या आजीचे बोलणे फोनवर टिपून घेते आहे. आजी लग्नानंतर सांगलीकडून मुंबईस आल्या, तेव्हाची चाळ, नळावरची रांग, मंदिरात पहाटे म्हटली जाणारी स्तवने हे सारे त्या सांगत आहेत. मध्येच एक स्तवन त्या पूर्ण म्हणतात. ते कोणत्याही पुस्तकात छापलेले नाही. त्यांच्या सासूबाईंकडून मुखोद्गत झालेले आहे. नात फोन हातभर अंतरावर धरून बसली आहे. चाळीस मिनिटांनी आजी म्हणतात, "पुरे गं आता, घसा सुकला."

नात तिथेच फोनवर दोन मिनिटे ऐकून पाहते. आवाज ठीक वाटतो. रात्री घरातील सर्वांनी ऐकावे म्हणून तेच ध्वनिमुद्रण दूरदर्शन संचाच्या मोठ्या स्पीकरवर लावले जाते, आणि आजींच्या प्रत्येक वाक्यावर कोणीतरी गोणपाट आपटावे तसे धप्‌धप्‌, घरघर असे आवाज येऊ लागतात. स्तवनाच्या दोन कडव्यांत तर शब्दच बुडालेले आहेत. आजींना पुन्हा म्हणायला सांगावे, तर त्या दिवशीचा सूर आणि त्या दिवशीची आठवण जशीच्या तशी परत येईलच असे नाही.

हा प्रसंग काल्पनिक असला तरी त्यातील एकूणएक चूक नित्याची आहे. तिचे कारण समजले, तर ती टाळणे फारसे अवघड नाही आणि खर्चिक तर मुळीच नाही.

हा आवाज वाऱ्याचा नव्हेच

झाडांतून वारा वाहताना सळसळ होते, खिडकीच्या फटीतून शीळ ऐकू येते. ते खरोखरच वाऱ्याने निर्माण केलेले आवाज होत. ध्वनिमुद्रणातील धप्‌धप्‌ मात्र त्या जागी उभ्या असलेल्या माणसाला ऐकूही येत नाही. ती फोनच्या माइकवरच जन्म घेते.

फोनच्या खालच्या कडेला, चार्जिंगच्या खाचेशेजारी, टाचणीच्या टोकाएवढे एक छिद्र असते. त्याच्या आत अतिशय पातळ पडदा असतो. हवेच्या दाबातील सूक्ष्म चढउताराने तो हलतो आणि त्या हालचालीचे विजेच्या संकेतात रूपांतर होते. बोलण्याने हवेच्या दाबात होणारा बदल फारच लहान असतो. वारा फोनच्या कडांवर आदळतो तेव्हा तेथे हवेचे भोवरे तयार होतात, आणि त्या भोवऱ्यांमुळे छिद्रापाशी होणारा दाबाचा बदल बोलण्याच्या कितीतरी पट मोठा असू शकतो. पडद्याला दोहोंतील भेद कळत नाही. भोवऱ्याचा धक्काही तो आवाज म्हणूनच नोंदवतो.

हे धक्के मुख्यतः खालच्या पट्टीचे, म्हणजे खर्जाच्याही खाली जाणारे असतात. नातीची फसगत झाली ती येथे. फोनचा इवलासा स्पीकर इतके खालचे सूर वाजवूच शकत नाही, म्हणून गच्चीवर सारे ठीक वाटले. म्हणून पहिला नियम असा की, उघड्यावर केलेले ध्वनिमुद्रण फोनच्या स्पीकरवर कधीही तपासू नये. साधे इअरफोन लावून, डोळे मिटून अर्धा मिनिट ऐकावे. घरघर असेल तर ती लगेच कळते.

दुसरी फसगत अधिक सूक्ष्म आहे. बहुतेक फोन मोठा आवाज आला की ध्वनिमुद्रणाची पातळी आपोआप खाली आणतात. झुळूक आली की फोनला वाटते फार मोठा आवाज झाला, आणि तो सर्वच आवाज दाबतो. त्यामुळे घरघर सुरू होताच आजींचा आवाज दूर गेल्यासारखा होतो आणि झुळूक सरल्यावर हळूहळू परत येतो. ध्वनिमुद्रणात असा चढउतार आढळला, तर दोष बोलणाऱ्याचा नसून वाऱ्याचा आहे असे समजावे.

सोळा पटींचा हिशेब

वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला तर दाब चौपट, आणि वेग निम्मा केला तर दाब एक चतुर्थांश. उलटपक्षी, बोलणाऱ्याच्या तोंडापासूनचे अंतर निम्मे केले, तर माइकपाशी पोहोचणारा ध्वनिदाब साधारण दुप्पट होतो.

नातीने फोन साठ सेंटीमीटरवर धरला होता. तो पंधरा सेंटीमीटरवर, म्हणजे वितीहून थोड्या कमी अंतरावर आणला, तर अंतर दोनदा निम्मे झाले आणि आजींचा आवाज चौपट झाला. त्याच वेळी, गच्चीवरील जागा बदलून फोनपाशी येणाऱ्या वाऱ्याचा वेग निम्मा केला, तर त्याचा धक्का चौथा हिस्सा उरतो. दोन्ही मिळून आवाज आणि घरघर यांच्यातील तफावत आधीच्या सोळा पट आजींच्या बाजूने झुकते. हिशेब ढोबळ आहे. भोवरे इतके शिस्तीने वागत नाहीत. तरीही यातून एक गोष्ट स्पष्ट होते. एक पैसाही खर्च न करता, केवळ बसण्याची जागा आणि फोनचे अंतर बदलून, निम्म्याहून अधिक काम होते.

वेळ आणि जागा

भूगोलाच्या पुस्तकातील खारे वारे आणि मतलई वारे मुंबईच्या उपनगरांत रोज अनुभवास येतात. दिवसा जमीन तापते आणि समुद्रावरून पश्चिमेकडील खारे वारे सुटतात. हिवाळ्यात व उन्हाळ्यात दुपारपासून सायंकाळपर्यंत त्यांचा जोर असतो. रात्रीनंतर जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे मंदपणे वाहतात. म्हणून सूर्योदयानंतरचे दोन तास हा गच्चीवरील ध्वनिमुद्रणाचा सर्वांत शांत काळ ठरतो. आजींची दुपारची वेळ मुळातच चुकीची निवडली गेली होती.

वाऱ्याचा वेग मोजायला यंत्र लागत नाही. चेहऱ्याला वारा जाणवतो आणि झाडांची पाने सळसळतात, तेव्हा तो ताशी सहा ते अकरा किलोमीटर असतो. उघड्या माइकवर इतक्या वाऱ्याचीही घरघर येऊ लागते. पाने व लहान काटक्या सतत हलत असतील आणि हलके निशाण फडकत असेल, तर वेग बारा ते एकोणीस किलोमीटर होय. अशा वेळी आडोसा आणि आवरण या दोन्हींवाचून ध्वनिमुद्रण करू नये. धूळ आणि सुटे कागद उडू लागले, तर वेग वीसच्या वर गेला आहे. तेव्हा खाली घरात जावे हेच उत्तम.

गच्चीवर वारा सर्वत्र सारखा नसतो. पश्चिमेकडून वारा येत असेल, तर पश्चिमेच्या कठड्याला टेकून, चटईवर खाली बसावे. डोके कठड्याच्या उंचीच्या खाली राहिले, की वारा बराचसा डोक्यावरून निघून जातो. खुर्चीवर बसल्यास तोच वारा नेमका तोंडाशी येतो. पाण्याच्या टाकीमागेही आडोसा मिळतो, परंतु टाकीच्या अगदी कोपऱ्याशी बसू नये. कोपऱ्याला वळसा घालताना वारा अधिक वेगाने वाहतो. दोन उंच इमारतींमधील बोळाचेही तसेच. खाली रस्त्यावर वारा नसला, तरी त्या फटीत तो जोरात असू शकतो.

नेमकी जागा शोधण्यासाठी शिवणाचा वीतभर दोरा पुरतो. तो काडीच्या टोकाला बांधून, जेथे फोन ठेवायचा आहे तेथेच धरावा. दोरा सरळ खाली लोंबत राहिला तर जागा योग्य. तो एकाच दिशेला तरंगत असेल, तर वारा तेथे पोहोचतो आहे. तो गरगर फिरत असेल, तर तेथे भोवरा आहे; हातभर सरकून पुन्हा पाहावे. वारा आपल्या चेहऱ्यावर जाणवतो की नाही यावर भिस्त ठेवू नये, कारण चेहरा आणि फोन यांच्या जागा वेगळ्या असतात.

बोलणाऱ्या व्यक्तीची पाठ वाऱ्याकडे असावी. तिचेच शरीर मग फोनचा आडोसा होते. फोन तिच्या छातीशी, हनुवटीच्या थोडा खाली आणि किंचित बाजूला, माइकचे छिद्र तिच्याकडे करून धरावा. थेट ओठांसमोर धरल्यास 'फ', 'भ', 'प' उच्चारताना निघणारा श्वासाचा झोत माइकवर आदळतो आणि वाऱ्यासारखाच धप्पकन आवाज होतो. स्तवनांत तर 'प्रभु' पावलोपावली येतो.

आवरण कसे काम करते

चित्रपटांच्या चित्रीकरणात माइकवर केसाळ बोळा चढवलेला अनेकांनी पाहिला असेल. ध्वनिमुद्रकांच्या बोलीत त्याला 'डेड कॅट' म्हणतात. नाव ऐकून दचकण्याचे कारण नाही. ही फर सहसा ॲक्रिलिकसारख्या कृत्रिम तंतूंची असते, तरीही विकत घेताना ती कृत्रिमच असल्याची खात्री करून घ्यावी.

आवरणाचे काम वारा अडवणे हे नसून, माइकभोवती स्थिर हवेचा कप्पा राखणे हे आहे. बाहेरचे केस वाऱ्याचा मोठा झोत विस्कटून त्याचे बारीक तुकडे करतात, आतील फोम उरलेला वेग जिरवतो आणि छिद्रापाशीची हवा जवळजवळ स्थिर राहते. ध्वनिलहरींना मात्र सच्छिद्र फोममधून जायला फारसा अडथळा होत नाही, कारण ध्वनी पोहोचण्यासाठी हवेला जागा सोडून वाहत यावे लागत नाही. तिचे कंपन पुरेसे असते.

यावरून तीन गोष्टी निघतात. पहिली, आवरण जितके मोठे तितके चांगले. दुसरी, आवरण आणि छिद्र यांच्यामध्ये थोडी पोकळी हवी. छिद्रावर नुसता कापडाचा तुकडा चिकटवला तर भोवरे त्या कापडावर, म्हणजे छिद्रापासून केसभर अंतरावर फिरत राहतात आणि फारसा उपयोग होत नाही. तिसरी, वस्तू सच्छिद्र हवी. तपासणी सोपी आहे: फोमचा तुकडा ओठांना लावून फुंकर मारावी. श्वास सहज पलीकडे गेला तर तो चालेल. थर्माकोल किंवा योगासनांच्या चटईचा फोम श्वास जाऊ देत नाही, म्हणून आवाजही दाबून टाकतो.

घरी करावयाची टोपी

प्रथम फोनचा माइक कोठे आहे ते निश्चित करावे. बहुतेक फोनमध्ये एकाहून अधिक माइक असतात: एक खालच्या कडेला, दुसरा वरच्या कडेला किंवा मागे कॅमेऱ्याजवळ. ध्वनिमुद्रण सुरू करून प्रत्येक छिद्राशेजारी नखाने हळूच खरवडावे आणि खरवडताना "खाली", "वर", "मागे" असे बोलावे. ऐकताना जेथे खरवडणे सर्वांत मोठे येईल, तो माइक त्या वेळी चालू आहे. चित्रफीत घेताना काही फोन वेगळा माइक वापरतात, म्हणून ही परीक्षा दोनदा, आवाजासाठी आणि चित्रफितीसाठी स्वतंत्रपणे करावी. छिद्रात टाचणी कधीही घालू नये.

मुख्य माइक खाली आहे असे धरू. गादीवाल्याकडून मऊ, फुंकर जाणाऱ्या फोमचा तुकडा आणावा: फोनच्या रुंदीपेक्षा चार सेंटीमीटर अधिक रुंद, सहा सेंटीमीटर उंच आणि चार सेंटीमीटर जाड. वरच्या बाजूने मधोमध फोन बसेल एवढी खाच कात्रीने किंवा कटरने कापावी. खाच चार सेंटीमीटर खोल असावी आणि तिच्या तळाशी, जेथे माइकचे छिद्र येईल तेथे, बोराएवढी पोकळी कोरावी. त्या पोकळीभोवतीच्या फोममुळे फोनची कड टेकून राहते आणि छिद्र मात्र मोकळ्या हवेत राहते.

यावर कृत्रिम फरची पिशवी शिवावी. कापडाच्या दुकानात मऊ खेळण्यांसाठीचे फरचे कापड मिळते. केस दोन-तीन सेंटीमीटर लांब असलेले घ्यावे. त्याच्या मागील विणीतूनही फुंकर जायला हवी. काही कापडांना मागून रबरासारखा लेप असतो, ते टाळावे. केस बाहेर ठेवून पिशवी शिवावी, तोंडाला नाडा किंवा इलॅस्टिक घालावे आणि फोमसह फोनवर चढवावी. केस दाबले गेले की त्यांचा उपयोग कमी होतो, म्हणून वापरण्यापूर्वी हाताने फुलवून घ्यावेत.

आता घरातच दोन परीक्षा घ्याव्यात. पंखे बंद करून एकच वाक्य टोपीशिवाय आणि टोपीसह बोलावे. 'स', 'श', 'ष' यांची धार कमी झाली असेल, तर कापड फार दाट आहे. नंतर टेबल पंखा सहा फुटांवर मंद गतीने लावून हीच दोन ध्वनिमुद्रणे करावीत आणि इअरफोनवर ऐकावीत. पंख्याच्या मोटरीचा गुणगुण आवाज दोन्हींत राहील, कारण तो खरा आवाज आहे. धप्‌धप्‌ मात्र टोपीसह बरीच कमी झाली पाहिजे. नाही झाली, तर वरचा माइकही चालू असावा. त्यावर फोमचा लहान तुकडा व फरची चिंधी इलॅस्टिकने बांधावी.

घाईच्या वेळी सुती पदर किंवा ओढणी हाताशी असते. दोन-तीन पदरांची सैल घडी फोनच्या खालच्या टोकाभोवती धरावी, घट्ट गुंडाळू नये. रेशमी किंवा नायलॉनचे कापड सळसळते, ते वापरू नये. गळपट्टीला लावायचा लहान कॉलर माइक असेल, तर त्यावर त्याच्याबरोबर मिळणारी छोटी फरची टोपी चढवावी. तो पदराच्या एका थराखाली लपवला तर आणखी आडोसा मिळतो, मात्र कापड माइकवर घासू देऊ नये.

काय थांबत नाही

आवरण फक्त माइकवर जन्मणारी घरघर थांबवते. बाहेर खरोखर होणारा आवाज ते थांबवू शकत नाही. घाटकोपरवरून विमानतळाकडे उतरणारी विमाने हे याचे ठळक उदाहरण. विमानाची घरघर हळूहळू चढते आणि तशीच सलगपणे उतरते. वाऱ्याची मात्र अनियमित, तुटक, ठोके पडल्यासारखी असते. विमान असेल तर आवरण बदलण्यात अर्थ नाही. ते जाईपर्यंत थांबावे आणि वाक्य पुन्हा बोलायला सांगावे.

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात दाट झाडी वाऱ्याचा वेग कमी करते, पण पानांची सळसळ वाढते. कान्हेरीच्या लेण्यांत आत शिरले की वारा थांबतो, परंतु दगडी भिंतींवरून आवाज घुमतो. गच्चीवरील टाकी आणि कठडा यांच्या कोनातही थोडे असेच होते. घुमणे नंतर पूर्णपणे काढणे अवघड असते, म्हणून भिंतीकडे तोंड करून बोलू नये. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलवर, सुमारे दोनशे फूट उंच बेसॉल्टच्या त्या सुळक्याच्या माथ्यावर, किंवा गोराईच्या किनाऱ्यावर दुपारी उभे राहिल्यास आडोसा क्वचितच मिळतो. अशा ठिकाणी चित्र तेथे घ्यावे आणि निवेदन नंतर घरात, कपड्यांच्या कपाटाशेजारी बसून वेगळे टिपावे. व्यावसायिकही पुष्कळदा हेच करतात.

बिघडलेले किती सावरते

नातीच्या त्या पहिल्या ध्वनिमुद्रणाचे काय? जेथे घरघर आहे पण शब्द ऐकू येतात, तेथे सुधारणा शक्य आहे. संगणकावर `Audacity` हे मोफत सॉफ्टवेअर घेऊन मूळ फाइलची प्रत उघडावी, सर्व भाग निवडून `Effect` मधील `High-Pass Filter` घ्यावा आणि `Frequency (Hz)` येथे 100 भरावे. याने शंभराच्या खालील सूर कमी होतात. स्त्रियांच्या बोलण्याचा मूळ सूर सहसा दीडशेच्या वर असतो, म्हणून आजींच्या आवाजाला फारसा धक्का लागत नाही. घरघर उरली तर 120 करून पाहावे. आवाज पत्र्यासारखा, पोकळ वाटू लागला की मागे यावे. पुरुषाचा खर्ज आवाज असेल तर 80 वरच थांबावे.

जेथे धक्का इतका मोठा होता की माइकची मर्यादाच ओलांडली गेली, तेथे काही करता येत नाही. पडद्यावर त्या जागी लहरींची शेंडी सुरीने कापल्यासारखी सपाट दिसते. त्या क्षणी आजींचा शब्द नोंदवलाच गेलेला नाही. जे नोंदवले गेले नाही ते कोणताही उपाय परत आणू शकत नाही. मूळ फाइल मात्र पुसू नये आणि संदेशांतून पाठवलेली, आकाराने लहान झालेली प्रत मूळ समजून जपू नये.

दुसऱ्या खेपेस नातीने क्रम असा ठेवावा. सकाळी सात वाजता, वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूच्या कठड्याशी चटई अंथरावी, दोरा धरून जागा पाहावी, आजींची पाठ वाऱ्याकडे करावी, टोपी चढवलेला फोन वितीच्या आत, हनुवटीखाली धरावा. फोन विमान मोडवर ठेवावा, म्हणजे मध्येच कोणाचा फोन येऊन ध्वनिमुद्रण तुटणार नाही. आजींना आधी चहा किती साखरेचा हवा एवढेच विचारून अर्धा मिनिट टिपावे, इअरफोनवर ऐकावे, घरघर असेल तर जागा बदलावी. नसेल तर स्तवनापासूनच सुरुवात करावी, कारण घसा ताजा असतो तो पहिल्या दहा मिनिटांतच. चाळीच्या आठवणी नंतर सांगता येतात.